नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणी : मालकाने काय विचारावे आणि कुठे थांबावे

नेवासा फाट्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, प्रवरासंगमचा पूल ओलांडला की पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. तालुक्यातली आयटीआय झालेली मुले या रस्त्याने कामाच्या शोधात जातात. समजा, असाच एक बावीस वर्षांचा फिटर मुलाखतीत निवडला गेला. त्याच्या हातात दोन कागद येतात. एक फॉर्म असतो. त्यात आजवरचे आजार, ऑपरेशने, घरात कोणाला काय झाले, लग्न, मुले असे रकाने असतात. दुसरी असते प्रयोगशाळेच्या नावाची चिठ्ठी. तिच्यावर हिमोग्लोबिन, साखर, लघवी, छातीचा एक्सरे अशी यादी असते आणि शेवटच्या ओळीत दोनच शब्द : ‘व्हायरल मार्कर’. मुलगा सही करतो, हात पुढे करतो. रक्त घेतले जाते. चार दिवसांनी कंत्राटदाराचा फोन येतो की ‘मेडिकलमध्ये बसत नाही.’ का बसत नाही, हे कोणी सांगत नाही.

‘व्हायरल मार्कर’ या दोन शब्दांचा अर्थ बहुतेक प्रयोगशाळांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तीन विषाणूंच्या चाचण्या असा असतो. फिटरच्या कामाशी यांतल्या एकीचाही संबंध नाही. तरीही त्या चिठ्ठीत येतात, कारण तपासणीचे ‘पॅकेज’ एकदा ठरले की ते सगळ्यांनाच लागू होते. अशी चाचणी घेण्याचा आणि तिच्यावरून नोकरी नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे का, या प्रश्नाचे भारतातले पहिले नीट उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. ते मिळवले एका हंगामी मजुराने.

‘एमएक्स’ची गोष्ट

हा मजूर केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालच्या एका महामंडळात गरजेप्रमाणे बोलावल्या जाणाऱ्या कामगारांच्या यादीवर होता. नोकरीत पुढे सामावून घेण्याची वेळ आली तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याची वैद्यकीय तपासणी झाली. त्याच्या रक्ताची एचआयव्हीसाठी एलायझा चाचणी केली गेली आणि ती पॉझिटिव्ह आली. बाकी तब्येत ठीक होती आणि तो आपले काम करू शकत होता. तरी त्याचे नाव यादीतून काढण्यात आले. महामंडळाच्या परिपत्रकात नियमच तसा होता : एचआयव्ही असेल तर उमेदवार घ्यायचा नाही.

मजूर मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिथे पहिली अडचण आली ती नावाची. नाव छापून आले तर गावात, नात्यात, चाळीत सगळ्यांना कळणार आणि ज्या गोष्टीसाठी न्याय मागायचा तीच गोष्ट जगजाहीर होणार. न्यायालयाने त्याला टोपणनावाने खटला चालवण्याची मुभा दिली. म्हणून कायद्याच्या पुस्तकांत तो ‘एमएक्स’ आहे आणि महामंडळ ‘झेडवाय’. आज तीस वर्षांनंतरही त्या माणसाचे खरे नाव लोकांना ठाऊक नाही, आणि ते तसेच राहणे हा त्या निकालाचाच भाग आहे.

महामंडळाचे म्हणणे साधारण असे होते : हा माणूस आज धडधाकट असेल, पण उद्या आजारी पडणार, त्याच्या औषधपाण्याचा खर्च आमच्यावर पडणार, निवृत्तीपर्यंत तो नोकरी करू शकणार नाही. त्या काळचा विचार केला तर ही भीती अगदीच हवेतली नव्हती. प्रभावी औषधे तेव्हा भारतातल्या सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती; सरकारी दवाखान्यांतून ती मोफत मिळू लागली ती एप्रिल 2004 पासून. पण 3 एप्रिल 1997 रोजी न्यायालयाने निकाल दिला तो मजुराच्या बाजूने. नोकरीच्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत माणूस ठणठणीत राहील याची खात्री असल्याशिवाय त्याला घेणारच नाही, अशी भूमिका सरकार किंवा सार्वजनिक महामंडळ घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. परिपत्रकातला नियम मनमानी ठरला. राज्यघटनेच्या समानतेच्या कलम 14 आणि जीविताच्या हक्काच्या कलम 21 यांच्या विरुद्ध ठरला. मजुराचे नाव पुन्हा यादीवर घेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीपोटी 40 हजार रुपये देण्याचा आदेश झाला.

या निकालाने मालकाला तपासणी करूच नका असे सांगितले नाही. त्याने तपासणीचा प्रश्न बदलला. ‘या माणसाला कोणता आजार आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवून दोन प्रश्न पुढे आणले. पहिला, हा माणूस या कामाचे नेहमीचे काम आज करू शकतो का? दुसरा, तो हे काम करत असताना बरोबरच्या माणसांना खरोखरचा, मोठा धोका आहे का? या दोहोंची उत्तरे त्या एका माणसाला तपासून, त्या एका कामाकडे बघून द्यायची. आजाराचे नाव वाचून सरसकट द्यायची नाहीत.

एका चाचणीचा हिशेब

न्यायालयाचा हा दृष्टिकोन वैद्यकशास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. एचआयव्हीची नेहमीची चाचणी विषाणू मोजत नाही; शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. नव्या चाचण्या विषाणूचा एक अंशही शोधतात. लागण झाल्यावर चाचणीत काही दिसायला साधारण काही आठवडे लागतात. म्हणजे गेल्या आठवड्यात लागण झालेल्या माणसाची चाचणी आज निगेटिव्ह येऊ शकते. मालकाला त्यातून ‘आमच्या कारखान्यात कोणी नाही’ अशी खात्री मिळत नाही. फक्त तसा समज होतो.

दुसरी चूक उलट बाजूची. समजा, एक हजार उमेदवारांची एकेकच चाचणी केली. त्यांतल्या दोघांना खरोखर लागण आहे असे धरू आणि चाचणी निरोगी माणसांपैकी साडेनव्व्याण्णव टक्क्यांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते असेही धरू. चाचणी चांगलीच म्हणायची. पण उरलेल्या अर्ध्या टक्क्याचा हिशेब केला तर 998 निरोगी माणसांपैकी सुमारे पाच जण चुकून पॉझिटिव्ह ठरतात. लागण असलेले दोघेही सापडले तर एकूण सात पॉझिटिव्ह, आणि त्यांतले पाच चुकीचे. जो आजार समाजात कमी प्रमाणात आहे त्याची सरसकट चाळणी केली की असेच होते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणे नसलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याआधी वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या कराव्या लागतात, आधी आणि नंतर समुपदेशन करावे लागते. कारखान्याच्या चिठ्ठीवर मात्र बहुधा एकच चाचणी होते आणि तिचा आकडा थेट कंत्राटदाराकडे जातो.

आणि चाचणी अगदी खरी असली तरी तिने न्यायालयाच्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. एचआयव्ही एकाच यंत्रावर काम केल्याने, एका डब्यातून जेवल्याने, पाना-पक्कड हाताळल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने पसरत नाही. नियमित औषधे घेणारा माणूस वर्षानुवर्षे पूर्ण पाळी करतो. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो पुढे जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. रुग्णालयात सुई टोचण्याचा धोका असतो, पण तिथेही उपाय हाच की प्रत्येक रुग्णाचे रक्त धोक्याचे समजून हातमोजे घालायचे आणि सुया नीट टाकायच्या.

2017 चा कायदा काय म्हणतो

एमएक्सच्या निकालाला एक मर्यादा होती. तो घटनेच्या कलमांवर उभा होता आणि ती कलमे मुख्यतः सरकार, सरकारी कंपन्या, महामंडळे यांना बांधतात. खासगी कारखान्याचा मालक म्हणू शकत होता की हे मला लागू नाही. ही फट एचआयव्हीपुरती भरून निघाली ती 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला आणि सरकारी-खासगी असा भेद त्यात नाही.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमात एचआयव्ही चाचणी ही नोकरी मिळवण्याची अट ठेवायला मनाई आहे. लागण असल्यावरून नोकरी नाकारणे हाही भेदभाव ठरतो. आधीच नोकरीत असलेल्या माणसाला काढायचे असेल तर एक अवघड वाट ठेवली आहे : तो इतरांना मोठा धोका ठरतो किंवा काम करण्यास असमर्थ आहे, असे स्वतंत्र आणि पात्र डॉक्टरने लेखी द्यावे लागते, आणि त्याला थोडी सोय करून कामावर ठेवणे का परवडत नाही हे मालकालाही लेखी द्यावे लागते. दोन्हींच्या प्रती त्या माणसाला मिळाल्या पाहिजेत. नव्याने नोकरी नाकारण्यासाठी अशी कोणतीही वाट ठेवलेली नाही.

चाचणी करायचीच तर माणसाची माहितीपूर्ण संमती लागते. ‘सर्व तपासण्यांना माझी हरकत नाही’ अशा छापील ओळीखालची सही ही ती संमती नव्हे. कोणती चाचणी, कशासाठी, तिचा अर्थ काय, हे समजावून सांगावे लागते आणि आधी-नंतर समुपदेशन करावे लागते. संमतीशिवाय चाचणीचे अपवाद मोजके आहेत : न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, अवयव किंवा ऊती दान, आणि साथीच्या अभ्यासासाठी नाव न लावता केलेली चाचणी. नोकरभरती त्या यादीत नाही. न्यायालयाने न्यायासाठी आवश्यक म्हणून आदेश दिल्याखेरीज कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही, म्हणजे फॉर्ममधला तसा रकाना भरण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्याचे संरक्षण लागण झालेल्या माणसाबरोबर राहणाऱ्या घरच्यांनाही आहे. वडिलांना लागण होती म्हणून मुलाला नाकारणे हाही भेदभावच.

पाळीची तारीख विचारणारा फॉर्म

हे सगळे एचआयव्हीपुरते झाले. पण फॉर्ममधल्या इतर रकान्यांचे काय? त्यावरही सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, आणि त्यातली एक बाजू मुख्यालय मुंबईत असलेल्या आयुर्विमा महामंडळाची आहे.

1989 मध्ये नीरा माथुर या तरुणीने महामंडळात सहायक पदासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत दिली. त्या पुढच्या टप्प्यात महामंडळाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून योग्य ठरवले. त्याच वेळी त्यांनी एक घोषणापत्र भरून दिले होते. त्यात विवाहित उमेदवारांना पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, किती वेळा पूर्ण दिवस भरले, गर्भपात झाला का, असे प्रश्न होते. नोकरी लागल्यावर त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली आणि जानेवारी 1990 मध्ये त्यांचे बाळंतपण झाले. रजेवर असतानाच फेब्रुवारीत त्यांना कमी करण्याचे पत्र आले. शेवटच्या पाळीची तारीख त्यांनी खोटी सांगितली, असे महामंडळाने पुढे कारण दिले.

न्यायालयाने 31 ऑक्टोबर 1991 रोजी त्यांना पुन्हा कामावर घेण्यास सांगितले. तारीख खरी की खोटी यापेक्षा असा प्रश्न फॉर्ममध्ये असणे हाच मूळ दोष आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि ते रकाने काढून टाकण्याची सूचना दिली. ज्यांचा कामाशी संबंध नाही आणि ज्यांचे उत्तर देणे बाईला अपमानास्पद वाटेल, असे हे प्रश्न होते.

नेवाशाच्या फिटरच्या फॉर्ममध्ये ‘घरात कोणाला काय झाले’ हा रकाना असतो तोही याच जातीचा. आईला मधुमेह आहे यावरून मुलगा आज यंत्र चालवू शकतो की नाही हे कळत नाही. तो पुढे कधी आजारी पडेल याचा अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्याच अंदाजावर एमएक्सला काढले होते.

मग तपासावे काय?

तपासणीच नको, असा याचा अर्थ कोणी काढला तर तोटा कामगाराचाच आहे. त्याच फिटरचे उदाहरण पुढे नेले तर हे स्पष्ट होते. प्रेस मशीनवर काम आहे, आवाज मोठा आहे, काही वेळा घाटात उंचावर चढून देखभाल करावी लागावी तशी इथे शिडीवर चढून क्रेनची देखभाल करावी लागते, असे धरू. अशा कामासाठी डॉक्टरने नजर तपासणे रास्त आहे. रंगांच्या खुणांच्या वायरी जोडायच्या असतील तर रंग ओळखता येतात का हे बघणेही रास्त. फिट येते का, चक्कर येते का, हे विचारायलाच हवे, कारण फिरत्या यंत्राजवळ किंवा उंचीवर तो प्रश्न त्याच्या आणि सोबत्यांच्या जिवाचा आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साखर अचानक उतरण्याचा अनुभव आहे का, हे विचारण्यातही गैर नाही. ‘मधुमेह आहे म्हणून नको’ हे मात्र उत्तर नव्हे; पाळी आणि जेवणाची वेळ जुळवून बहुतेकांना काम देता येते.

कानाची तपासणी तर कामगाराने मागून घ्यावी अशी आहे. आवाजाने कान जातात तेव्हा ऑडिओग्राममध्ये बहुधा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. साधे बोलणे ऐकायला अजून त्रास होत नसतो. कामावर येण्याच्या दिवशीचा आलेख हातात असेल तर पाच वर्षांनी पडलेला खड्डा कारखान्यातला आहे हे दाखवता येते. आवाजाने येणारे बहिरेपण हा भरपाईसाठी मान्य असलेला व्यवसायजन्य आजार आहे. पहिला आलेखच नसेल तर ‘हे आधीपासूनच होते’ असे म्हणायला मालक मोकळा. धुळीच्या कामात फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीचेही तसेच. म्हणूनच 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा धोकादायक प्रक्रियेच्या कामावर लावण्याआधी आणि नंतर दर वर्षाच्या आत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली; आणि रसायनांच्या संपर्कात येणाऱ्या कामगाराला त्याची आरोग्याची नोंद बघायला मिळाली पाहिजे, हेही त्याच वेळी घालण्यात आले.

म्हणजे चिठ्ठीवरच्या प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न लावायचा : या कामातली कोणती हालचाल, कोणता धोका हिच्यामुळे तपासला जातो? नजर, रंग, कान, फुप्फुसे, फिट यांना फिटरच्या कामात उत्तर मिळते. ‘व्हायरल मार्कर’ला मिळत नाही. मुलीच्या चिठ्ठीवर ‘यूपीटी’ म्हणजे गरोदरपणाची लघवीची चाचणी असेल तर तिलाही मिळत नाही.

अहवाल कोणाकडे जातो?

सर्वांत जास्त गडबड होते ती तपासणीनंतर. योग्य रीत अशी की डॉक्टरने मालकाला फक्त निष्कर्ष कळवावा : कामास योग्य, काही मर्यादांसह योग्य, तात्पुरता अयोग्य, किंवा या कामास अयोग्य. ‘मर्यादांसह’ म्हणजे उदाहरणार्थ ‘उंचीवरचे काम देऊ नये’. आजाराचे नाव, रक्ताचे आकडे, औषधे हे सगळे डॉक्टरच्या नोंदीत राहावे. मालकाला माणूस कुठे लावायचा हे ठरवायला निष्कर्ष पुरतो.

प्रत्यक्षात प्रयोगशाळा सगळा अहवाल पीडीएफ करून कंत्राटदाराच्या फोनवर पाठवते, कारण पैसे त्याने दिलेले असतात. तिथून तो ऑफिसात, सुपरवायझरकडे आणि बसमधल्या गप्पांत जायला वेळ लागत नाही. पैसे कोणीही दिले तरी डॉक्टरचे गोपनीयतेचे बंधन तपासलेल्या माणसाशी असते. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपिते डॉक्टरने उघड करायची नाहीत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, किंवा कायद्याने कळवणे भाग असलेला रोग, एवढेच अपवाद.

अमेरिकेत 1990 च्या अपंग हक्क कायद्याने हा क्रमच बांधून दिला आहे. आधी पात्रतेवर निवड करायची, नोकरीचा देकार द्यायचा, आणि मगच वैद्यकीय तपासणी. तिचे कागद कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाइलपासून वेगळे ठेवायचे. त्याचा फायदा साधा आहे. देकार हातात आल्यावर नोकरी गेली तर ती तपासणीमुळे गेली हे उघड होते. आपल्याकडे मुलाखत, कागदपत्रे आणि रक्त एकाच दिवशी उरकतात. नकार कशामुळे आला हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

पडताळणीचा दुसरा कागद

वैद्यकीय चिठ्ठीबरोबर बहुधा चारित्र्य पडताळणीचा फॉर्मही येतो. तिथला नियम वेगळा आहे, आणि दोन्ही एक समजण्यात धोका आहे. आपल्यावर गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का, असे स्पष्ट विचारले असेल तर उत्तर खरेच द्यावे लागते. 2016 मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सरकारी नोकरीसाठी हे सूत्र घालून दिले. माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते, पण गुन्हा किरकोळ होता का, मालकाने सगळी परिस्थिती बघितली का, याचाही विचार झाला पाहिजे. आणि प्रश्न नेमका असला पाहिजे. मोघम रकान्यात न विचारलेली गोष्ट लिहिली नाही म्हणून माणसाला खोटारडा ठरवता येत नाही.

जुन्या नोकरीची चौकशी करणारी माणसे जुन्या कंपनीला फोन करतात. कधी ते कधी काम केले, पद कोणते, वागणूक कशी, एवढे विचारण्यात काही वावगे नाही. ‘सुट्ट्या कशासाठी घ्यायचा, कोणता आजार होता’ असा प्रश्न आला की तो पुन्हा वैद्यकीय माहितीचा होतो. जुन्या कंपनीच्या डॉक्टरने त्याचे उत्तर देणे हा आचारसंहितेचा भंग आहे, आणि एचआयव्हीच्या बाबतीत कायद्याचाही.

नकार आला तर

फिटरला फोन आला, ‘मेडिकलमध्ये बसत नाही.’ त्याने पहिल्यांदा लेखी कारण मागावे. दुसरे म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरकडे लेखी अर्ज करून अहवालाची प्रत मागावी. 2002 च्या त्याच नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. अहवालात एचआयव्ही चाचणी दिसली आणि ती पॉझिटिव्ह असली तर त्या एका कागदावर विश्वास ठेवून घाबरून जाऊ नये. सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत आणि गुप्त ठेवून पुन्हा करून घेता येते. लागण खरी निघाली तर औषधांसाठी तिथूनच पुढे पाठवले जाते. 1097 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते.

तक्रारीची पायरीही कायद्यात आहे. 100 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या आस्थापनेत 20 असली तरी, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यापुढे राज्य सरकारने नेमलेला लोकपाल असतो. त्याने तक्रार आल्यापासून 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो. न्यायालयात जावे लागले तर एमएक्सप्रमाणे टोपणनावाने जाण्याची सोय आता कायद्यातच आहे. एका मजुराला जी मुभा मागून घ्यावी लागली ती 2017 पासून कलम म्हणून छापलेली आहे.

फट अजून राहिली आहे ती इतर आजारांची. चिठ्ठीवर एचआयव्हीच्या शेजारीच हिपॅटायटिस बी असते. या विषाणूचा वाहक असलेला माणूस अनेकदा पूर्ण धडधाकट असतो, आणि बरोबरच्यांना त्याची लस देता येते. पण खासगी मालकाने त्याला त्यावरून नाकारले तर एचआयव्हीसारखा स्वतंत्र कायदा त्याच्या पाठीशी नाही. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर एमएक्सच्या निकालातले दोन प्रश्न तो विचारू शकतो. वाळूजच्या एखाद्या खासगी शेडमध्ये त्याच्या हाती सध्या डॉक्टरचे गोपनीयतेचे बंधन आणि आपला अहवाल मागून घेण्याचा हक्क, एवढेच उरते. म्हणून रक्त देण्याआधी चिठ्ठीवरची शेवटची ओळ वाचणे, आणि ती चाचणी या कामासाठी कशाला, हे तिथेच विचारणे, त्याच्यासाठी अधिक गरजेचे आहे.